भाषणात म्हण किंवा अभंगाची ओळ रुजवायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत मराठी शिकवता शिकवता सूत्रसंचालन माझ्या गळ्यात पडलं आणि निवृत्तीनंतरही ते सुटलेलं नाही. निरोप समारंभ जवळ आला की कुणाचा ना कुणाचा फोन येतो, "बाई, शेवटी टाकायला एखादी छानशी ओळ सांगा ना." ओळ सांगायला मिनिट पुरतं. ती कुठे यावी आणि तिच्याआधी काय यावं, हे सांगण्यात अर्धा तास जातो. तो अर्धा तास इथे लिहून ठेवला आहे.

ओळ भाषणाच्या सुरुवातीला म्हणू की शेवटी?

सुरुवातीला नको. तेव्हा लोक खुर्च्या सरकवत असतात, माईक खरखरत असतो आणि ओळ कशाबद्दल आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. अगदी शेवटीही मला नको वाटते. "शेवटी एवढंच म्हणेन" हे शब्द कानावर पडले की लोकांचे हात टाळ्यांसाठी वर येतात आणि ओळ त्यांत बुडते. चार मिनिटांचं भाषण असेल तर ओळ साधारण तिसऱ्या मिनिटानंतर यावी आणि तिच्यानंतर एखाद-दोन साधी वाक्यं असावीत.

त्याआधी एक तपासणी करा. लिहिलेल्या भाषणातल्या त्या ओळीवर बोट ठेवा आणि ती वगळून भाषण मोठ्याने वाचा. काहीच अडलं नाही, तर ती ओळ तिथे फक्त शोभेला आहे. काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं, तर तिची जागा तीच.

"ओळीसाठी जागा करायची" म्हणजे नेमकं काय करायचं?

याला उदाहरणच लागेल. कृष्णाकाठच्या एका शाळेतले लिपिक निवृत्त होत होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत. एका तरुण शिक्षकाने त्यांच्या निरोपाचं भाषण लिहून मला दाखवायला आणलं. त्यात असं होतं:

"भाऊ म्हणजे नम्रतेचा मूर्तिमंत पुतळा. संतश्रेष्ठ तुकाराम महाराजांनी म्हटलंच आहे, महापुरें झाडें जाती, तेथें लव्हाळे वांचती. भाऊंचा स्वभाव अगदी या लव्हाळ्यासारखाच नम्र होता."

यात चूक अशी काही नाही, पण हे ऐकून कुणी मान वर करणार नाही. एक तर "नम्र" हा निकाल आधीच देऊन झाला आहे, त्यामुळे ओळीला सांगायला काही उरलंच नाही. दुसरं म्हणजे लव्हाळं कुणाच्या डोळ्यांपुढे आलेलं नाही. समोर बसलेल्या निम्म्या पोरांना हा शब्दही माहीत नसणार. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, ज्या लोकांनी 2019 च्या ऑगस्टमध्ये खराखुरा महापूर अंगावर घेतला, त्यांच्यापुढे हे गुरुजी महापूर म्हणत होते आणि त्यांच्या मनात तो पूर नव्हताच!

मी विचारलं, "पुराच्या वेळी भाऊ कुठे होते?"

तो म्हणाला, "अहो, ते रजिस्टरं वर चढवत होते की."

मग आम्ही बसून भाषणाचा तो भाग नव्याने लिहिला. तो असा झाला:

"पाणी यायच्या आदल्या दोन संध्याकाळी भाऊंनी जनरल रजिस्टरं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली, खताच्या रिकाम्या पोत्यांत घातली आणि जिन्याने वरच्या खोलीत न्यायला सुरुवात केली. शाळा सुरू झाल्यापासूनची सगळी, अकरा. कुणीतरी हसून म्हणालं, 'भाऊ, पाणी काय शाळेत येतंय होय?' भाऊही हसले. 'नाही येत साहेब,' म्हणाले आणि पुढचं पोतं उचललं.

"पाणी ओसरल्यावर आपण सगळे घाटावर गेलो होतो. पायरीजवळचा तो मोठा करंज मुळासकट गेला होता. त्याच्याच बाजूला, एरवी आपण ज्याच्याकडे ढुंकून बघत नाही ते लव्हाळं, चिखलाने माखलेलं, पण जागच्या जागी होतं. तिथून शाळेत आलो. लोखंडी कपाटं आडवी, बाकं एकमेकांवर चढलेली. भाऊ जिना चढून गेले, पोती खाली आणली, सुतळी सोडली. अकराच्या अकरा रजिस्टरं कोरडी.

"महापुरें झाडें जाती । तेथें लव्हाळे वांचती ॥

"त्या वर्षी ज्याला ज्याला दाखला लागला, त्याला तो मिळाला. भाऊ, तो तुमच्यामुळे."

आता बघा काय काय झालं. ओळीत चार गोष्टी आहेत: पूर, झाड, लव्हाळं आणि वाचणं. चारही गोष्टी ओळ येण्याआधी श्रोत्यांनी पाहिल्या आहेत. लव्हाळं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं नाही, कारण ते घाटावर दिसलं. वाकणंही दिसलं, "नाही येत साहेब" म्हणून पोतं उचलण्यात. "नम्र" हा शब्द मात्र भाषणात कुठेच नाही. तो श्रोत्याने स्वतःशी म्हणायचा आहे. तुम्ही आधी म्हणालात तर त्याच्या हातचं काम काढून घेतलंत.

सगळ्यांत कमी श्रमाचा नियम हवा असेल तर हा घ्या: ओळीतलं प्रत्येक नाम आधीच्या गोष्टीत आलं पाहिजे आणि ओळीचं तात्पर्य कुठेही येता कामा नये.

ओळ कुणावर उलटू शकते का?

हो, आणि हे फार जण तपासत नाहीत. वरच्या भाषणाच्या मधल्या एका खर्ड्यात त्या शिक्षकाने लिहिलं होतं, "इतके मुख्याध्यापक आले आणि गेले, भाऊ मात्र होते तिथेच राहिले." आणि लगेच पुढे ही ओळ. मी विचारलं, मग झाडं कोण? तो गप्प झाला. कारण विद्यमान मुख्याध्यापक व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसणार होते.

अशा ओळींना दोन बाजू असतात. लव्हाळं आहे तिथे झाड आहे, मुंगी आहे तिथे ऐरावत आहे. तुम्ही एकाला एक बाजू दिलीत की सभागृह आपोआप दुसऱ्या बाजूला कोण ते शोधायला लागतं. म्हणून दुसरी बाजूही तुम्हीच भरून ठेवा, शक्यतो निर्जीव वस्तूंनी. आमच्याकडे ती कपाटांनी आणि करंजाने भरली.

म्हणींच्या बाबतीत हा धोका जास्त, कारण आपल्या बऱ्याच म्हणी मुळात टोमणेच आहेत. "गरज सरो, वैद्य मरो" ही म्हण कितीही प्रेमाने म्हटली तरी समोर कुणीतरी कृतघ्न ठरतोच. आणि ज्या म्हणींत जातीचं नाव किंवा बाईमाणसाची टिंगल आहे, त्या वापरूच नका. त्यांच्यासाठी कितीही चांगली जागा केली तरी त्या सुधारत नाहीत.

"मराठीत एक म्हण आहे…" असं म्हणावं का?

नाही. तुम्ही असं म्हणालात की श्रोता गोष्टीतून बाहेर येतो आणि ऐकण्याऐवजी कुठली म्हण असेल याचा विचार करू लागतो. गोष्ट जिथे थांबते तिथून सरळ ओळीत शिरा. आवाज बदलला की लोकांना कळतं.

संतांचं नाव घ्यायचं की नाही, हा प्रश्न जरा नाजूक आहे. नाव गाळलं तर कुणाला अनादर वाटेल अशी भीती असते. मी दोन गोष्टी करते. ओळ सगळ्यांना माहीत असेल तर नाव घेतच नाही, किंवा भाषणात आधी कुठेतरी सहज घेऊन ठेवते. ओळ फारशी माहितीतली नसेल तर "तुकोबा म्हणतात" एवढे दोनच शब्द. विशेषणांची माळ लावली की ती संपेपर्यंत भाऊंची पोती जिन्यात तशीच अडकून राहतात.

पण कीर्तनकार तर आधी अभंग सांगतात आणि मग निरूपण करतात. मग आपण उलट का करायचं?

चांगला प्रश्न आहे आणि मला तो एका वारकरी आजोबांनीच विचारला होता. कीर्तनात सेवेला घेतलेला अभंग श्रोत्यांनी आयुष्यभर ऐकलेला असतो. आज महाराज तो कसा उलगडतात, यासाठी ते बसलेले असतात. हाताशी दोन तास असतात, मागे टाळकरी असतात, एकेक चरण पुन्हा पुन्हा येतो. आपल्याकडे पाच मिनिटं आणि एक माईक.

आणि नीट बघितलं तर कीर्तनातही हेच घडतं. निरूपणाच्या ओघात जी प्रमाणं येतात ती कशी येतात, हे पुढच्या वेळी लक्ष देऊन ऐका. महाराज दृष्टांत रंगवत नेतात, तो टोकाला येतो, मग ते प्रमाणाचे पहिले दोन-तीन शब्द उच्चारतात आणि उरलेलं टाळकरी उचलतात. आपल्याला शिकायचं आहे ते तिथून, सुरुवातीच्या अभंगावरून नाही.

ओळ म्हणताना थांबायचं कुठे?

ओळीच्या आधी एक पूर्ण श्वास आणि ओळीनंतर त्याहून थोडं जास्त. मधला विराम मात्र तुम्ही ठरवायचा नसतो, तो छंदाने ठरवलेला असतो. "महापुरें झाडें जाती" यातली अक्षरं बोटांवर मोजा, आठ भरतात. "तेथें लव्हाळे वांचती", पुन्हा आठ. विराम या दोन आठांच्या मध्ये, आणि तोही अगदी लहान, कारण "जाती" ऐकल्यावर कान "वांचती"ची वाट बघत असतो. तिथे नाटकी थांबलात तर यमक तुटतं.

मोठ्या अभंगात हिशेब वेगळा. "आम्हां घरीं धन, शब्दांचींच रत्नें, शब्दांचींच शस्त्रें, यत्नें करूं" यात सहा, सहा, सहा आणि शेवटी चार. पहिले तीन तुकडे एका चालीत जाऊ द्या आणि शेवटच्या चार अक्षरांआधी किंचित रेंगाळा, ती आपोआप वजनदार होतात.

यामुळेच ओळीत स्वतःचे शब्द घालू नयेत. "महापुरामध्ये तर मोठमोठी झाडंसुद्धा जातात" म्हटलं की अर्थ तोच राहतो, पण ऐकणाऱ्याला ते तुमचंच पुढचं वाक्य वाटतं.

म्हणीचा अर्धा भाग श्रोत्यांकडून काढून घ्यावा का?

जमलं तर यासारखं दुसरं काही नाही. आपल्या पुष्कळ म्हणी दोन तुकड्यांच्या असतात आणि दुसरा तुकडा ऐकणाऱ्याच्या जिभेवर तयार असतो. एका ग्रामसभेत पाण्यावर बोलणाऱ्या एका ताईंनी हे फार छान केलं. टँकर कुठून येतो, किती वाजता येतो, त्याच्यासाठी बायका कधीपासून रांग लावतात, हे त्यांनी सांगितलं. मग देवळामागचा आड. त्यात गाळ किती वर्षांचा आहे, तो काढायला किती माणसं आणि किती दिवस लागतील. आणि मग, "म्हणजे आपलं झालंय काय, काखेत कळसा…"

त्या थांबल्या. पुढच्या रांगेतल्या बायकांनी एका सुरात वाक्य पुरं केलं, "गावाला वळसा!" आणि हशा पिकला. ते वाक्य बायकांनी स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं, त्यामुळे आडाचा विषय मग कुणाला टाळता येईना.

यात कसब आहे ते आवाजाचं. पहिल्या तुकड्याच्या शेवटी आवाज खाली आणायचा नाही, वरच ठेवायचा. खाली आणलात तर लोकांना वाक्य संपलं असं वाटतं. दोनेक सेकंद थांबा. कुणी बोललं नाही तर हलकेच स्वतः पुरं करा आणि पुढे जा. "म्हणा, म्हणा ना" करू नका, बालवाडीचा वर्ग होतो. आणि म्हण खरोखर घरोघरची असेल तरच हा खेळ खेळा.

"जे का रंजले गांजले" सारख्या सगळ्यांना पाठ असलेल्या ओळी वापरू की नको?

पाठ असलेल्या ओळीची अडचण अशी की कान तिच्यावरून घसरतो. पहिले दोन शब्द आले की "हां, ते होय" म्हणून मन दुसरीकडे जातं. म्हणून जागा करताना सगळ्या ओळीसाठी करू नका, तिच्यातल्या एकाच शब्दासाठी करा.

या ओळीत तो शब्द आहे "आपुले". रंजल्यागांजल्यांना मदत करा, एवढंच त्यात नाही. त्यांना जो आपलं म्हणतो, तो, असं आहे. मग "आपलं म्हणणं" जिथे खरोखर तोंडी घडलं असा प्रसंग शोधा. रक्तदान शिबिरातल्या एका भाषणासाठी आम्हाला असा प्रसंग मिळाला. रस्त्यात पडलेल्या एका परगावच्या मजुराला रिक्षावाल्याने दवाखान्यात नेलं. खिडकीतून प्रश्न आला, "पेशंटचे कोण तुम्ही?" रिक्षावाला क्षणभर थांबला आणि म्हणाला, "आमचाच आहे, लिहा."

एवढं सांगून वक्त्याने म्हटलं, "जे का रंजले गांजले, त्यासि म्हणे जो आपुले," आणि तो थांबला. पुढचा चरण त्याने म्हटलाच नाही. साधू कुणाला ओळखावं, हे सभागृहातल्या प्रत्येकाने मनात पुरं केलं होतं. पाठ असलेल्या ओळीचा हा एक मोठा फायदा, ती अर्धी सोडता येते.

शब्द तंतोतंत हवेत का? लोकांत चालतात ते चालत नाहीत का?

गाथा उघडून एकदा बघून घ्यावं. "बोले तैसा चाले, त्याची वंदावी पाउले" असं आपण सगळे म्हणतो. गाथेत "वंदीन" आहे. फरक एका शब्दाचा, पण "वंदावी" हा उपदेश झाला आणि "वंदीन" म्हणजे मी स्वतः वंदन करीन. एखाद्याच्या सत्काराला उभे असाल तर "वंदीन" किती जास्त शोभतं बघा. मात्र जुन्या लोकांच्या कानाला ते चुकल्यासारखं वाटू शकतं. म्हणून तो शब्द ठामपणे, सावकाश म्हणा. चाचरत म्हटलात तर पाठ नाही असंच वाटेल.

ओळ ऐनवेळी विसरलात तर? "सॉरी" म्हणून कागद चाळत बसू नका. तिचा अर्थ आपल्या शब्दांत एका वाक्यात सांगून पुढे जा. गोष्ट चांगली सांगितली असेल तर कुणाला पत्ताही लागत नाही.

एका भाषणात किती ओळी?

पाच मिनिटांना एक. दुसरी आली की पहिली पुसली जाते.

परदेशातल्या मराठी मंडळात, मराठी जेमतेम कळणाऱ्या मुलांपुढे बोलायचं असेल तर?

पद्धत तीच, फक्त पेरणी जास्त सावकाश करायची. ओळ म्हटल्यावर तिचा अर्थ सांगू नका, तो आधीच्या गोष्टीत सांगून टाका. लव्हाळं त्यांनी पाहिलेलं नसेल तर नदीकाठचं पाण्यात वाकणारं उंच गवत गोष्टीत दाखवा आणि "आमच्याकडे याला लव्हाळं म्हणतात" एवढं तिथेच म्हणून ठेवा. मग मिनिटाभराने ओळीत तो शब्द आला की मुलं चमकून बघतात. ओळखीचा शब्द भेटल्याचा तो आनंद असतो.

ओळ लागली की वाया गेली, हे कसं कळतं?

टाळ्यांवरून नाही. ओळ संपायच्या आत "वा!" आलं तर ती दाद तुकोबांना आहे, तुमच्या मांडणीला नाही. शेजाऱ्याकडे झुकून "काय म्हणाले?" असं कुणी विचारत असेल तर एखादं नाम आधी पेरायचं राहिलं आहे. ओळीनंतर सभागृह एखादा क्षण अगदी गप्प झालं, तर लागली. आणि नंतर चहाच्या वेळी लोक ओळ म्हणून न दाखवता गोष्टच एकमेकांना परत सांगत असतील, तर फारच छान लागली.

भाऊंच्या समारंभात चहाच्या वेळी असंच झालं. पोतं कुणी धरलं होतं, जिन्यात दिवा होता की नव्हता, यावर चर्चा रंगली होती. भाऊ शाल सावरत त्या शिक्षकाजवळ आले आणि म्हणाले, "सर, बोललात चांगलं. पण घाटावरचं ते झाड करंजाचं नव्हतं, उंबराचं होतं."